जाग येण्याआधी कॅमेरा कोणी लावला?

सकाळी जाग येतानाचे व्हिडिओ तुम्ही पाहिलेच असतील. पांढरी चादर, खिडकीतून तिरपा येणारा उजेड, उशीवर पसरलेले केस. डोळे किलकिले होतात, एक हात डोक्यावर जातो, आळस दिला जातो, आणि ती व्यक्ती कॅमेऱ्याकडे न बघताच किंचित हसते. खाली लिहिलेलं असतं, 'माझी साधीसुधी सकाळ'. बघायला छान वाटतं. मलाही वाटतं, आणि असे व्हिडिओ मी पुढे ढकलून न देता शेवटपर्यंत बघते.

आता हा व्हिडिओ कसा तयार झाला असेल ते सावकाश उलगडून बघू. आधी ती व्यक्ती खरोखर जागी झाली. उठली. पडदा सरकवला, कारण निजायच्या खोलीतल्या अंधारात फोनच्या कॅमेऱ्याला नुसता दाणेदार काळोख दिसतो. मग पुस्तकांच्या चळतीवर किंवा स्टँडवर फोन ठेवला, चौकट बघितली, कोपऱ्यात दिसणारी चार्जरची वायर बाजूला केली. रेकॉर्डिंग सुरू केलं. परत पलंगावर गेली, चादर ओढून घेतली, डोळे मिटले. दोन-तीन श्वास थांबली. आणि जागी झाली. नंतर एडिट करताना पलंगापर्यंत चालत जाण्याचे ते पहिले काही सेकंद कापून टाकले.

पुढच्या शॉटमध्ये ती स्वयंपाकघरात शिरताना दिसते, आणि कॅमेरा मात्र आतून दाराकडे बघतोय. म्हणजे ती आधी आत गेली होती, तिथे फोन लावून बाहेर आली आणि पुन्हा आत आली. एकदा ही नजर बसली की प्रत्येक कटमागे एक फेरी दिसायला लागते. रस्त्याने एकटीच दूर दूर चालत जाणारी पाठमोरी व्यक्ती, म्हणजे फोन उचलायला तितकंच अंतर परत आलेली व्यक्ती.

हे कळल्यावर 'म्हणजे सगळं खोटं तर!' असं म्हणून विषय संपवायचा मोह होतो. पण खरी गुंतागुंत तिथूनच पुढे आहे. खोटं म्हणायचं तर कुणाची फसवणूक झाली? फोन कुणीतरी ठेवला असणार, हे जरा विचार केला तर प्रत्येकाला कळतं. आपल्याला ते ठाऊक असतं, तरीही आपण त्या व्हिडिओला 'किती नॅचरल आहे' म्हणतो. ठाऊक असणं आणि तसं वाटणं, दोन्ही एकाच वेळी कसं काय चालतं? या प्रश्नापाशी मी बराच काळ अडकले होते. मला वाट सापडली ती दोन अभ्यासकांमुळे, आणि त्या दोघांचंही ते लेखन सोशल मीडिया येण्याआधीचं आहे.

त्यातले पहिले अमेरिकन समाजशास्त्रज्ञ डीन मॅकॅनल. १९७३ मध्ये त्यांनी पर्यटकांवर एक निबंध लिहिला. त्याचा पाया त्यांनी समाजशास्त्रज्ञ अर्विंग गॉफमन यांच्याकडून घेतला होता. गॉफमन यांनी १९५० च्या दशकात माणसांच्या रोजच्या वागण्याची मांडणी नाटकाच्या भाषेत केली होती. प्रत्येक ठिकाणाला एक दर्शनी बाजू असते आणि एक मागची. हॉटेलात जेवणाचा हॉल ही दर्शनी बाजू, स्वयंपाकघर ही मागची. वेटर मधल्या दारातून बाहेर पडला की त्याची चाल आणि आवाज बदलतो, आत गेला की पुन्हा सैल होतो. सहसा आपण असं धरून चालतो की दर्शनी भाग म्हणजे देखावा आणि खरं काय ते मागे.

मॅकॅनल यांनी पाहिलं ते असं, की पर्यटकांनाही नेमकं हेच वाटतं. त्यांना देखावा नको असतो, मागचं बघायचं असतं. 'इथले लोक खरोखर कसे राहतात' ते हवं असतं. आणि ही मागणी इतकी मोठी की ती पुरवायला मुद्दाम 'मागच्या बाजू' उभ्या केल्या जातात. दर्शनी भाग आणि खरीखुरी मागची बाजू यांच्यामध्ये त्यांनी पायऱ्या दाखवल्या. एका टोकाजवळ मासे खिलवणारं रेस्टॉरंट, जिथे भिंतीवर नुसतं मासेमारीचं जाळं टांगलेलं असतं. दुसऱ्या टोकाजवळ खरी मागची बाजू, पण पाहुण्यांना डोकावू देणार म्हणून थोडी झाडलेली, सावरलेली. या सगळ्याला त्यांनी नाव दिलं 'स्टेज्ड ऑथेंटिसिटी', म्हणजे रंगमंचावर मांडलेला अस्सलपणा.

सोशल मीडियावरचं 'पडद्यामागचं' बहुतेक सगळं या पायऱ्यांवर कुठे ना कुठे बसतं. मेकअपशिवायचा चेहरा, पसाऱ्याने भरलेली खोली, चुकलेल्या टेकचे तुकडे, 'आज खरं सांगते' म्हणून कॅमेऱ्यासमोर बसणं. भिंतीवरचं ते जाळंही इथे सापडतं. पसारा दिसतो, पण त्यात औषधांची पाकिटं नसतात, बँकेचं पत्र नसतं, दोन दिवसांची खरकटी भांडी नसतात. पसारा म्हणून शोभेल इतकाच पसारा असतो.

मॅकॅनल यांचं मला आवडतं ते हे, की ते पर्यटकाला हसत नाहीत. अस्सल काहीतरी बघायची त्याची ओढ त्यांना खरी वाटते. मलाही आपली ओढ खरीच वाटते. आपण त्या व्हिडिओपाशी थांबतो, कारण आपल्याला दुसऱ्या माणसाच्या जवळ जायचं असतं.

पण मॅकॅनल यांच्या शिडीला एक शेवटची पायरी आहे. खूप मागे गेलात तर खरी मागची बाजू असते, असं ते धरून चालतात. दुसरा अभ्यासक नेमकी तीच पायरी काढून घेतो.

ज्याँ बोद्रियार हे फ्रेंच विचारवंत. १९८१ मधल्या त्यांच्या पुस्तकात चित्र आणि वास्तव यांच्या नात्याच्या चार अवस्था येतात. एरवी हा भाग वाचताना डोकं गरगरतं, पण आपल्या त्या सकाळच्या व्हिडिओला धरून चाललं तर तो सोपा होतो.

पहिल्या अवस्थेत चित्र वास्तवाचं प्रतिबिंब असतं. समजा, बाळावर लक्ष ठेवायला खोलीत कॅमेरा लावलाय आणि त्यात बाळाची झोपलेली आईही आली. ती जागी होते ते त्यात टिपलं जातं. तोंड उघडं, गालावर उशीचे वळ, एका डोळ्याने अलार्म शोधणं. चित्र अंधुक असेल, पण त्यामागे एक जाग येणं आहे आणि चित्र तेच दाखवतंय.

दुसऱ्या अवस्थेत चित्र वास्तव झाकतं, बदलतं. माणूस खरंच नुकताच उठलाय, पण रेकॉर्डिंगआधी त्याने केसांतून हात फिरवला आणि सुरकुतलेली चादर झटकली. मागे खरी घटना आहे, फक्त तिला रंग दिलाय. रोजच्या बोलण्यात आपण 'फेक' म्हणतो ते बहुतेक वेळा एवढंच असतं.

तिसऱ्या अवस्थेत गंमत बदलते. इथे चित्र वास्तव झाकत नाही, वास्तव नाही हे झाकतं. व्हिडिओत जाग येताना दिसते, पण त्या क्षणी कुणालाच जाग आलेली नाही. जाग केव्हाच येऊन गेलीये. चित्र ज्याचं प्रतिबिंब असल्याचं भासवतं, ते मागे नाहीच.

चौथ्या अवस्थेत चित्राचा वास्तवाशी काही संबंधच उरत नाही. ते फक्त दुसऱ्या चित्रांसारखं असतं. पांढरी चादर कुठून आली? आधीच्या व्हिडिओंतून. तिरपा उजेड, डोक्यावरचा हात, कॅमेऱ्याकडे न बघता हसणं? तेही तिथूनच. करणाऱ्या व्यक्तीने 'मी कशी उठते' हे आठवून हा व्हिडिओ बनवला नाही, तर 'असा व्हिडिओ कसा असतो' हे आठवून बनवला. ही नक्कल आहे, पण तिचं मूळ शोधायला गेलं तर आणखी नकलाच सापडतात. मूळ नसलेल्या अशा प्रतीला म्हणतात सिम्युलाक्रम, आणि अशा अनेक प्रती म्हणजे सिम्युलाक्रा. या प्रतीच जेव्हा खऱ्याचं माप ठरतात आणि खऱ्यापेक्षाही खऱ्या वाटायला लागतात, त्या परिस्थितीला हायपररिअ‍ॅलिटी म्हणायचं.

तिसऱ्या अवस्थेसाठी बोद्रियार यांनी दिलेलं डिस्नीलँडचं उदाहरण प्रसिद्ध आहे. डिस्नीलँड उघडउघड काल्पनिक आहे, आणि त्याच्या त्या काल्पनिकपणामुळे कुंपणाबाहेरचा अमेरिका आपोआप खरा वाटतो, असं ते म्हणतात. फोटोंच्या जगात हेच काम भडक फिल्टर करतात. कुत्र्याचे कान, चकचकीत त्वचा, अशक्य मोठे डोळे बघून आपण म्हणतो, हे खोटं. आणि लगेच त्याच्या शेजारचा #nofilter लिहिलेला फोटो खरा होऊन बसतो. त्या फोटोसाठी कितीतरी कोन तपासले गेले, उजेडाची वेळ निवडली गेली, फोनने स्वतःहून कातडीचा रंग आणि सावल्या सावरल्या. पण फिल्टर नाही एवढ्यावर त्याला अस्सलपणाचं प्रमाणपत्र मिळालं.

हे सगळं अगदी अलीकडचं आहे असं वाटत असेल तर थोडं मागे जाऊ. यूट्यूबवरचा पहिला व्हिडिओ एप्रिल २००५ मधला. त्यानंतर जेमतेम वर्षभराने, जून २००६ मध्ये, lonelygirl15 नावाच्या खात्यावर ब्री नावाची सोळा वर्षांची मुलगी दिसू लागली. आपल्या खोलीत वेबकॅमसमोर बसून ती बोलायची. घरीच शिक्षण, कडक धार्मिक आईवडील, डॅनियल नावाचा मित्र, आणि एकटेपणा. हजारो लोक तिला लिहायचे, धीर द्यायचे, आणि ती उत्तरंही द्यायची.

काही आठवड्यांतच काही प्रेक्षकांना शंका आली. शंका कशावरून आली ते मला फार बोलकं वाटतं. ब्री काही अशक्य बोलत नव्हती. पण तिच्या चेहऱ्यावरचा उजेड जरा जास्तच चांगला होता आणि एडिटिंग जरा जास्तच नेटकं. म्हणजे खरी मुलगी यापेक्षा वाईट दिसायला हवी होती! यूट्यूब नुकतं कुठे रांगायला लागलं होतं, तरी 'खरा व्हिडिओ कसा दिसतो' याचा साचा लोकांच्या मनात तयारही झाला होता. ब्रीची तुलना कुठल्या मुलीशी होत नव्हती, त्या साच्याशी होत होती.

सप्टेंबर २००६ मध्ये उलगडा झाला. चाहत्यांनी आणि पत्रकारांनी ईमेलचे धागे आणि जुने फोटो शोधून काढले. ब्री म्हणजे जेसिका रोझ नावाची एकोणीस वर्षांची अभिनेत्री होती, आणि मालिकेमागे माइल्स बेकेट, मेश फ्लिंडर्स आणि ग्रेग गुडफ्राइड हे तिघे होते. संहिता लिहिलेली होती, खोली सजवलेली होती. काही लोक चिडले, दुखावले. आणि मग? मालिका बंद पडली नाही. ती २००८ च्या ऑगस्टपर्यंत चालली. ब्री नाही हे कळल्यावरही लोक ब्रीला बघत राहिले.

या घटनेपाशी मला तिसरी आणि चौथी अवस्था वेगवेगळी दिसली. उलगडा होईपर्यंत ती तिसरी होती, कारण चित्र काहीतरी झाकत होतं आणि ते उघडं पाडता येत होतं. उलगड्यानंतर झाकायला काही उरलं नाही, तरी चित्राचं काम चालूच राहिलं. म्हणून कुठलाही व्हिडिओ बघताना मी आता स्वतःला 'हे खरं आहे का' असं विचारत नाही. मी विचारते, हे खोटं ठरवायचं झालं तर मला काय शोधून काढावं लागेल, आणि ते सापडलं तर काही बदलेल का? केस नीट केले होते, पैसे मिळाले होते, घर भाड्याचं होतं, असं काही उत्तर येत असेल तर आपण अजून दुसऱ्या-तिसऱ्या अवस्थेत आहोत. काहीच उत्तर येत नसेल, काहीही सापडलं तरी व्हिडिओ तितकाच छान वाटणार असेल, तर चौथी.

मग तंत्रानेच खरेपणाची सक्ती केली तर? तोही प्रयोग झाला आहे. २०२० मध्ये फ्रान्समध्ये BeReal नावाचं अ‍ॅप आलं. दिवसातून एकदा, कुठल्याही वेळी, सगळ्यांना सूचना यायची आणि दोन मिनिटांत फोटो काढायचा. फोन पुढचा आणि मागचा असे दोन्ही कॅमेरे वापरायचा, म्हणजे तुम्ही आणि तुमच्यासमोरचं जग एकत्र. फिल्टर नाहीत. उशीर केला तर तसं दिसायचं, फोटो पुन्हा काढला तर किती वेळा ते दिसायचं. आणि स्वतःचा फोटो टाकल्याशिवाय दुसऱ्यांचे बघता यायचे नाहीत.

विचार करून बनवलेली गोष्ट होती, आणि मला त्यामागची तळमळ प्रामाणिक वाटते. पण उशिरा टाकण्याची मुभा होती, तिथूनच फट पडली. सूचना आली तेव्हा तुम्ही नुसते लॅपटॉपसमोर बसलेले; संध्याकाळी मित्रांसोबत असाल तेव्हा टाकलेलं बरं. जे वेळेवर टाकायचे त्यांच्याकडेही हळूहळू एक शैली आली. हनुवटीखालून काढलेला कंटाळलेला चेहरा आणि समोर लॅपटॉपचा पडदा. तो फोटो खरा होता, दोन मिनिटांतला होता, आणि तरीही 'बीरियल फोटो कसा असतो' या साच्यात चपखल बसणारा होता. २०२४ मध्ये ते अ‍ॅप ५० कोटी युरोंना विकलं गेलं.

इथपर्यंत आल्यावर बहुतेक लेख असत्याच्या विजयावर हळहळतात. मला काळजी वाटते ती उलट गोष्टीची. खोटं खऱ्यासारखं खपतं हा या सगळ्यातला लहान तोटा आहे. मोठा तोटा हा, की साच्यात न बसणारं खरं आता खपत नाही. इतरांकडे तर नाहीच, स्वतःकडेही नाही.

माझी एक मैत्रीण. तिचे वडील गेले तेव्हा ती रडली नाही. कागदपत्रं बघितली, नातेवाइकांना फोन केले, आलेल्या माणसांची विचारपूस केली. काही आठवड्यांनी आम्ही दोघीच बसलो होतो तेव्हा ती म्हणाली, "अगं, माझं काही बिघडलंय का? मला दुःख झालंय असं वाटतच नाही." मी विचारलं, दुःख झालं असतं तर काय झालं असतं? तिने सांगितलं ते ऐकून मी चमकले. जमिनीवर बसून भिंतीला टेकून रडणं, वडिलांच्या शर्टात चेहरा लपवणं, रात्री एकटीने जुने व्हॉइस मेसेज ऐकणं. एकेक दृश्य मला ओळखीचं होतं, कारण ते मीही फोनवर पाहिलं होतं. आणि हे सांगताना ती तिच्या वडिलांच्या घड्याळाला चावी देत होती. रोज देत होती. त्याला ती दुःख म्हणत नव्हती, कारण तसा व्हिडिओ तिने कधी पाहिला नव्हता.

हायपररिअ‍ॅलिटी हा जड शब्द मला खऱ्या अर्थाने त्या दिवशी कळला. चित्रं आधी येतात आणि अनुभव नंतर, आणि त्या चित्रांशी जुळला नाही तर अनुभवालाच स्वतःबद्दल शंका यायला लागते.

मात्र बोद्रियार यांच्यासोबत मी शेवटपर्यंत जात नाही. त्यांच्या मांडणीत वास्तव जवळजवळ विरून जातं. ते मार्च २००७ मध्ये गेले. त्यांचं लेखन मुख्यतः टीव्ही, जाहिराती, बातम्या यांच्याभोवती फिरतं, जिथे चित्र बनवणारे थोडे आणि बघणारे बहुसंख्य होते. आता बनवणारे आपणच आहोत, आणि बनवणाऱ्याला एक गोष्ट नक्की ठाऊक असते. पडदा सरकवणं, फोन लावणं, पलंगापर्यंत चालत जाणं हे श्रम आहेत, ते खऱ्या शरीराने खऱ्या वेळात केलेले असतात. शिवाय मांडणी केली म्हणून भावना खोटी ठरत नाही. गॉफमन यांनीही हे लक्षात आणून दिलं होतं की भूमिका वठवणारा माणूस त्या भूमिकेवर मनापासून विश्वास ठेवणारा असू शकतो. रडताना कुणी कॅमेरा लावला असेल; डोळ्यांतलं पाणी तरीही दुःखाचं असू शकतं. कॅमेऱ्याचा कोन बघून त्याचा निकाल लागत नाही, आणि असा निकाल देणाऱ्या कॉमेंट वाचताना मला फार वाईट वाटतं.

ऑस्ट्रेलियाच्या एसेना ओनील हिच्या बाबतीत हे सगळं एकाच वेळी घडलं. २०१५ मध्ये, अवघ्या अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी, इन्स्टाग्रामवर लाखो लोक तिला बघत असताना तिने बरेच फोटो काढून टाकले आणि उरलेल्यांचे मथळे बदलले. पोट चांगलं दिसावं म्हणून एकसारख्या पोझमध्ये शंभरहून जास्त फोटो काढले होते, या ड्रेसचा फोटो टाकायला पैसे मिळाले होते, असं तिने एकेका फोटोखाली लिहिलं. रडत एक व्हिडिओही टाकला. तिला शाबासकी मिळाली, आणि लगोलग आरोपही झाला की हा पडदा बाजूला सारणं हाच नवा देखावा आहे. तिच्या ओळखीतल्या काहींनीही तसं जाहीरपणे म्हटलं. पुढे ती सोशल मीडियावरून बाहेर पडली.

तिचे अश्रू खरे होते का, या वादात मला जराही रस नाही. तिच्या मथळ्यांतल्या पैशाच्या ओळी मला जास्त मोलाच्या वाटतात. पैसे मिळाले किंवा नाही मिळाले. ही चित्राबाहेरची गोष्ट आहे, तिचा हिशेब असतो, ती पडताळता येते. सशुल्क पोस्टवर तसं लिहिण्याचे नियम आज अनेक देशांत आहेत, ते याच आधारावर. ते नियम हवेतच. ते ड्रेसला लागू पडतात, प्रायोजित साबणाला लागू पडतात. पांढऱ्या चादरीवरच्या त्या सकाळीसाठी कुणी कुणाला पैसे दिलेले नसतात, आणि भिंतीला टेकून रडण्याच्या त्या दृश्यासाठीही नाही. तिथे लेबल कुठल्या व्यवहारावर चिकटवायचं, हे अजून कुणाला सांगता आलेलं नाही.